लेख नाकारला, पण परीक्षकाने वाचला वेगळाच: संपादकांना फेरविचाराचे पत्र कसे लिहावे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसराच्या धार्मिक इतिहासावर लिहिणारे प्राध्यापक, पीएच.डी.चे विद्यार्थी आणि स्वतंत्र अभ्यासक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: पांडवलेण्यांतील क्रमांक १० च्या लेण्यातल्या दानलेखांवरचा एक लेख. लेख, परीक्षकाचा अभिप्राय आणि पत्र हे तिन्ही नमुन्यासाठी रचलेले आहेत. शिलालेखांतली माहिती मात्र खरी आहे.

नकार आला की लगेच उत्तर द्यावे का?

नाही. त्या दिवशी लिहिलेल्या पत्रात परीक्षकाविषयीचा राग कुठूनतरी डोकावतोच, आणि संपादक तो पहिल्या ओळीत ओळखतात. तीन-चार दिवस जाऊ द्या. मग अभिप्रायाआधी संपादकांचे स्वतःचे पत्र वाचा. निर्णय संपादकांचा असतो, परीक्षक फक्त सल्ला देतात. म्हणून खरा प्रश्न ‘परीक्षक चुकला का’ हा नसून ‘संपादकांनी निर्णय घेताना त्या चुकीवर भिस्त ठेवली का’ हा आहे.

संपादकांनी लिहिले असेल की ‘परीक्षक क्र. २ यांनी मुख्य विधानाबद्दल घेतलेला आक्षेप लक्षात घेता लेख स्वीकारता येत नाही’, तर फेरविचार मागायला जागा आहे. ‘विषय आमच्या कक्षेत बसत नाही’ किंवा ‘या वर्षीचे अंक भरले आहेत’ असे असेल, तर परीक्षकाने काहीही वाचले असले तरी पत्राचा उपयोग नाही. लेख दुसरीकडे पाठवा.

नमुन्यातला लेख नेमका काय म्हणतो?

लेणे क्र. १० हे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने खोदवले. तिथल्या एका शिलालेखात त्याने देवांना व ब्राह्मणांना दिलेल्या दानांची लांबलचक यादी आहे: तीन लाख गाई, सोळा गावे, नद्यांवर फुकट होड्या, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथल्या धर्मशाळा. हे लेणे त्रिरश्मी डोंगरात बांधल्याचेही तोच शिलालेख सांगतो. दुसऱ्या शिलालेखात बौद्ध संघासाठी ठेवलेल्या ३००० कार्षापणांच्या कायम ठेवीचा तपशील आहे.

या दोन शिलालेखांवरून नमुना-लेखाचा लेखक म्हणतो की दानावरून दात्याचे धर्मांतर सिद्ध होत नाही. एकच माणूस ब्राह्मणांनाही देत होता आणि संघालाही, म्हणून ‘हा बौद्ध की वैदिक’ हा प्रश्न त्या काळाला तसाच्या तसा लावता येत नाही.

परीक्षकाने काय लिहिले?

परीक्षक क्र. २ यांचे तीन आक्षेप असे:

पहिला: ‘उषवदाताने बौद्ध धर्म स्वीकारला होता असे लेखकाचे प्रतिपादन आहे. त्याच लेण्यात ब्राह्मणांना दिलेल्या तीन लाख गाईंचा उल्लेख आहे, तो लेखकाने पाहिलेला दिसत नाही. सबब मुख्य विधान टिकत नाही.’

दुसरा: ‘व्याजाचा हिशोब चुकीचा आहे. २००० वर शेकडा एक म्हणजे २०. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कसे देणार?’

तिसरा: ‘इतर लेण्यांतील दानलेखांशी तुलना केलेली नाही. एका लेण्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे घाईचे वाटते.’

पहिला आक्षेप म्हणजे निखळ गैरवाचन. दुसरा आक्षेप अर्धे गैरवाचन. तिसरा मात्र मतभेद आहे, तोही रास्त, आणि पत्रात त्यावर वाद घालायचा नाही.

गैरवाचन आणि मतभेद यांत फरक कसा करायचा?

कसोटी सोपी आहे. परीक्षकाचे वाक्य एका हाताला ठेवा, तुमच्या लेखातले वाक्य दुसऱ्या हाताला. विषय अजिबात न जाणणाऱ्या माणसाला ‘ही दोन वाक्ये एकच सांगतात का?’ असे विचारले आणि त्याला ‘नाही, उलट सांगतात’ म्हणता आले, तर ते गैरवाचन. उत्तरासाठी त्याला शिलालेखशास्त्र शिकवावे लागणार असेल, तर तो मतभेद.

पहिल्या आक्षेपात परीक्षक म्हणतात, ‘लेखकाने धर्मांतर झाले असे म्हटले’. लेखाच्या पृष्ठ ४ वर वाक्य आहे: ‘या देणगीवरून धर्मांतर सिद्ध होत नाही.’ गाईंचा उल्लेख पृष्ठ ७ वर संपूर्ण परिच्छेदभर आहे. इथे वाद घालण्यासारखे काही नाही, फक्त पृष्ठ दाखवायचे आहे. तिसऱ्या आक्षेपात असे कुठलेही पृष्ठ दाखवता येत नाही, कारण तुलना खरोखरच केलेली नाही.

धर्मविषयक लेखांत ही कसोटी जास्तच लागते, कारण इथे ‘परीक्षकाला माझी भूमिका पटली नाही’ आणि ‘परीक्षकाला माझी भूमिका कळली नाही’ या दोन गोष्टी फार सहज एकमेकींत मिसळतात.

पण परीक्षकाने असे उलटे वाचलेच कसे? तो निष्काळजी होता का?

बहुतेक वेळा कारण लेखातच सापडते, आणि पत्र लिहिण्याआधी ते शोधणे हेच अर्धे काम. नमुना-लेखात पृष्ठ ३ च्या तळाशी हे वाक्य आहे: ‘उषवदात बौद्ध झाला होता, हे या देणगीवरून उघड होते.’ हे लेखकाचे मत नाही. तो पूर्वपक्ष आहे, म्हणजे खोडण्यासाठी मांडलेले जुने मत. पण वाक्यात ‘असे मानले जाते’ नाही, कुणा अभ्यासकाचे नाव नाही, अवतरणचिन्ह नाही. खंडन सुरू होते ते पान उलटल्यावर. परीक्षकाने पृष्ठ ३ वर पेन्सिलीने खूण केली असणार आणि पुढचे सगळे त्या खुणेच्या उजेडात वाचले असणार.

शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष ‘ननु’ने सुरू होतो आणि ‘इति चेत् न’ आले की वाचकाला कळते की आता उत्तर येतेय. मराठी निबंधात अशी ठरलेली खूण नाही, ती लेखकानेच घालायची असते. धर्मेतिहासाच्या लेखांत हा घोटाळा वारंवार होतो, कारण या विषयात प्रत्येक मुद्द्याआधी एखादे जुने मत मांडावेच लागते.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे सारांश. सारांशात ‘उषवदाताच्या बौद्ध निष्ठेचा शोध’ असे शब्द असतील, तर वाचणारा निष्ठा गृहीत धरूनच पुढे जातो.

व्याजाच्या आक्षेपाला ‘अर्धे गैरवाचन’ का म्हटले?

कारण हिशोब बरोबर आहे, पण लेखकाने तो पुरता दाखवलेला नाही. दानलेखानुसार २००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक दराने आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले आहेत. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यायचे आहेत.

दर वार्षिक धरला तर व्याज २० होते आणि हिशोब कोसळतो. परीक्षकाचे म्हणणे तेच आहे. दर दरमहा धरला तर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. हा मेळ इतका चोख बसतो की दर मासिक असल्याचे अभ्यासक त्यावरूनच धरतात. दर सांगणाऱ्या वाक्यात महिन्याचा उल्लेख नाही. म्हणजे ‘दरमहा’ हा शिलालेखातला मजकूर नसून गणिताने काढलेला निष्कर्ष आहे, आणि नमुना-लेखाने तो फक्त एका तळटीपेत उरकला आहे. परीक्षकाने तळटीप वाचली नाही हे खरे, पण एवढा कळीचा दुवा तळटीपेत जायला नको होता हेही खरे. पत्रात दोन्ही गोष्टी याच क्रमाने आणि थोडक्यात याव्यात.

पत्र किती मोठे असावे?

छापील एक पान, फार तर सवा. संपादक ते पत्र दोन बैठकांच्या मधल्या वेळेत वाचतात. चार पानी पत्र आले की ते ‘निवांत पाहू’ म्हणून बाजूला पडते. मुद्दे दोन, जास्तीत जास्त तीन. आठ मुद्दे काढले की भक्कम मुद्दा कच्च्या मुद्द्यांच्या गर्दीत हरवतो आणि लेखकाला कुठलीच टीका सोसत नाही असे चित्र उभे राहते.

ईमेलच्या विषयओळीत लेखाचा क्रमांक आणि ‘फेरविचाराची विनंती’ एवढेच. ‘अन्यायकारक निर्णयाबाबत’ अशी विषयओळ आली की ईमेल उघडण्याआधीच बचावाचा पवित्रा घेतला जातो. पत्र ज्या संपादकांनी निर्णय कळवला त्यांनाच पाठवा. मार्गदर्शक, विभागप्रमुख किंवा संपादक मंडळातले ओळखीचे सदस्य यांना प्रत लावू नका.

पूर्ण पत्राचा नमुना मिळेल का?

> विषय: लेख क्र. (…): फेरविचाराची विनंती
>
> मा. संपादक,
> सप्रेम नमस्कार.
>
> ‘नाशिकच्या लेणे क्र. १० मधील दान आणि दात्याची धर्मनिष्ठा’ या माझ्या लेखाबाबतचा आपला निर्णय व दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय मिळाले. लेख बारकाईने पाहिल्याबद्दल आपला व परीक्षकांचा आभारी आहे.
>
> आपल्या पत्रात परीक्षक क्र. २ यांचा मुख्य विधानावरचा आक्षेप हे नकाराचे प्रमुख कारण दिले आहे. तो आक्षेप लेखात नसलेल्या विधानावर आधारलेला आहे असे मला वाटते. म्हणून तेवढ्या मुद्द्यापुरता फेरविचार व्हावा, ही विनंती.
>
> १. ‘उषवदाताने बौद्ध धर्म स्वीकारला होता असे लेखकाचे प्रतिपादन आहे’, असे परीक्षक म्हणतात. लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. पृष्ठ ४, परिच्छेद २: ‘या देणगीवरून धर्मांतर सिद्ध होत नाही.’ परीक्षकांनी नमूद केलेल्या तीन लाख गाईंच्या दानाची चर्चा पृष्ठ ७, परिच्छेद १ मध्ये आहे आणि निष्कर्ष त्यावरच उभा आहे. पृष्ठ ३ च्या अखेरीस मी जुने मत मांडले आहे, पण ते इतरांचे मत असल्याचे तिथे स्पष्ट म्हटलेले नाही. गैरसमज त्या वाक्यामुळे झाला असावा. तिथे ‘असे काही अभ्यासकांनी मानले, ते मत पुढे तपासले आहे’ अशी दुरुस्ती करता येईल.
>
> २. व्याजाच्या हिशोबात दर मासिक धरला आहे (पृष्ठ ६, तळटीप ११). २००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही २४०. दर मासिक असल्याचे अनुमान या गणितावरूनच निघते. ते तळटीपेऐवजी मुख्य मजकुरात यायला हवे, हे परीक्षकांच्या शंकेवरून लक्षात आले.
>
> इतर लेण्यांशी तुलना करण्याची परीक्षकांची सूचना योग्य आहे. आपण संधी दिल्यास निष्कर्षाची व्याप्ती लेणे क्र. १० पुरती मर्यादित करून तसे स्पष्ट नमूद करेन.
>
> वरील दोन जागा पाहून लेख सुधारणेसाठी परत पाठवता येईल का, किंवा आणखी एका परीक्षकाचे मत घेता येईल का, याचा विचार व्हावा. आपला निर्णय कायम राहिला तरी मला तो मान्य असेल.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, नाशिक)

लेखिका असेल तर ‘आभारी आहे’ तसेच राहते, फक्त शेवटी ‘आपली विश्वासू’.

या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता?

पहिल्या मुद्द्यात शेजारी शेजारी ठेवलेली दोन वाक्ये: परीक्षकाचे आणि लेखाचे, दोन्ही शब्दशः. पुष्कळ लेखक इथे आपल्या लेखाचा गोषवारा देतात: ‘मी तर सर्वत्र धर्मांतराविरुद्धच लिहिले आहे.’ मग संपादकांसमोर एक दावा परीक्षकाचा आणि एक लेखकाचा असे दोन दावे उरतात, आणि पडताळायला अख्खा लेख पुन्हा वाचावा लागतो. पृष्ठ आणि परिच्छेद दिला की काम अर्ध्या मिनिटाचे होते. पृष्ठक्रमांक तुमच्या संगणकावरच्या फाइलचे नकोत, परीक्षकांना गेलेल्या पीडीएफचे द्या. नियतकालिकाच्या प्रणालीत वर एक मुखपृष्ठ जोडले जाते आणि सगळे क्रमांक एकाने सरकतात.

परीक्षक पूर्वग्रहदूषित आहे असे वाटते. तसे लिहावे का?

धर्माच्या लेखात हा मोह सर्वांत मोठा. बौद्ध लेण्यांवर लिहिले की ‘परीक्षक अमुक बाजूचा’, काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहावर लिहिले की ‘परीक्षक तमुक बाजूचा’ असा संशय येतो. पत्रात त्याचा शब्दही नको. पूर्वग्रह सिद्ध करायला परीक्षकाच्या मनात शिरावे लागते. गैरवाचनाला पृष्ठ ४ पुरते. शिवाय आरोप केला की संपादकांना आपण निवडलेल्या माणसाची बाजू घ्यावी लागते.

अभिप्रायात लेखकाच्या जातीधर्मावर किंवा श्रद्धेवर उघड शेरा असेल, तर ती वेगळी बाब. ती तक्रार समजावी आणि स्वतंत्र पत्रात मांडावी, फेरविचाराच्या पत्रात नाही. प्रकाशन-नीतीसाठीच्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सदस्य असलेल्या नियतकालिकांकडे तक्रार आणि अपील या दोन्हींसाठी ठरलेली पद्धत असणे अपेक्षित असते. संकेतस्थळावर ती शोधा.

परीक्षक कोण हे ओळखू आले आहे. फोन करावा का?

नाही. नाशिक-पुण्याच्या अभ्यासवर्तुळात शब्दांच्या लकबीवरून माणूस ओळखता येतो असे वाटते, आणि तो अंदाज बऱ्याचदा चुकतोही. बरोबर असला तरी ओळख गुप्त ठेवण्याच्या पद्धतीचा भंग होतो आणि लेख कायमचा अडकतो. पत्रात फक्त ‘परीक्षक क्र. २’.

परीक्षक क्र. १ ने तर कौतुक केले होते. ते वापरायचे का?

जपून. ‘एकाला आवडला, म्हणून दुसरा चुकला’ हा युक्तिवाद होत नाही. पण पहिल्या परीक्षकाने तुमचे विधान बरोबर सांगितले असेल (‘दान आणि धर्मांतर यांची गल्लत लेखक टाळतो’), तर ते वाक्य उद्धृत करा. तोच मजकूर नीट वाचता येतो याचा तो पुरावा आहे. त्याची स्तुती मात्र उद्धृत करू नका.

सुधारलेला लेख सोबत जोडावा का?

मागितल्याशिवाय नाही. निर्णय जुन्या मसुद्यावर झाला आहे आणि फेरविचारही त्याच मसुद्याचा व्हायचा आहे. नवा मसुदा जोडला की ‘गैरसमजाचे कारण लेखातच होते, ते तुम्ही आता काढलेत’ असे म्हणायला वाव मिळतो. कोणत्या दोन जागी काय बदलाल, एवढे पत्रात पुरे.

शिलालेखाचा ठसा किंवा मूळ वाचन जोडावे का?

या उदाहरणात गरज नाही, कारण वाद वाचनाचा नाही. नाशिकचे शिलालेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात प्रसिद्ध आहेत आणि लेखात तो संदर्भ असणारच. वाद एखाद्या अक्षराच्या वाचनाचा असता, तर तो गैरवाचनाचा मुद्दाच राहिला नसता.

पत्र मराठीत लिहावे की इंग्रजीत?

ज्या भाषेत निर्णय आला, त्या भाषेत. लेख मराठी आणि निर्णय इंग्रजीत असेल, तर पत्र इंग्रजीत लिहा. पण उद्धृत वाक्ये मूळ मराठीत देऊन खाली भाषांतर द्या.

उत्तराची वाट किती दिवस पाहायची? तोवर लेख दुसरीकडे पाठवता येईल का?

पोच आठवडाभरात यावी. निर्णयाला, विशेषतः तिसरा परीक्षक नेमला तर, काही महिने लागू शकतात. महिनाभर काहीच कळले नाही, तर दोन ओळींची आठवण करा. काही नियतकालिके अपीलसाठी मुदत ठरवतात, ती पत्र लिहिण्याआधी पाहून घ्या.

फेरविचार चालू असताना लेख दुसरीकडे पाठवणे म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी सादर करणे, आणि ते कुठेच चालत नाही. घाई असेल, उदाहरणार्थ प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली असेल, तर आधी लेखी कळवून लेख मागे घ्या आणि मग पाठवा. पुष्कळदा हाच मार्ग जास्त शहाणपणाचा ठरतो: पृष्ठ ३ चे वाक्य आणि तळटीप ११ दुरुस्त करायला एक दुपार लागते, फेरविचाराला एक ऋतू.

उत्तरात काय काय येऊ शकते?

नकार कायम, तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवणे, किंवा ‘सुधारून नवा लेख म्हणून सादर करा’. तिसरा पर्याय आला तर तो नकार समजू नका. नवा क्रमांक मिळेल, त्यासोबत जोडलेल्या पत्रात जुन्या लेखाचा क्रमांक द्या आणि केलेले बदल पृष्ठवार लिहा. कधीकधी संपादक तुमचे पत्र त्याच परीक्षकाला दाखवून त्याचे मत मागतात. पत्राचा सूर सौम्य ठेवायचे हे सर्वांत व्यावहारिक कारण: ते पत्र तो परीक्षकही वाचणार आहे असे धरूनच लिहावे.

फेरविचारानंतरही नकार आला, तर पुन्हा अपील करता येते का?

बहुतेक नियतकालिके एका लेखावर एकच अपील घेतात. संपादकांना दोन ओळींत आभार कळवा आणि लेख दुसरीकडे पाठवा, पण पृष्ठ ३ दुरुस्त करूनच. दुसऱ्या नियतकालिकाचा परीक्षकही ते पान तसेच वाचण्याची शक्यता आहे, आणि या विषयातले परीक्षक मोजकेच असल्याने तो कदाचित तोच असेल.